एसीची हवा मंदावली, कुबट वास येतोय? गाडीचा केबिन फिल्टर घरच्या घरी कसा बदलायचा

एसीची हवा कमी येणं आणि एसीचा गारवा कमी होणं, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. गाडी गॅरेजमध्ये नेल्यावर आपण दोन्हींसाठी ‘एसी नीट चालत नाही’ एवढंच सांगतो, आणि समोरून उत्तर येतं, ‘गॅस भरून बघू.’ गॅस कमी झाला की हवा सहसा तेवढ्याच जोरात येते, फक्त ती गार नसते. हवाच मंदावली असेल, म्हणजे पंखा चारवर ठेवूनही दोनवर असल्यासारखा वारा लागत असेल, तर आधी बघायची जागा म्हणजे ग्लव्हबॉक्सच्या मागे बसलेला केबिन फिल्टर. दुकानात त्याला एसी फिल्टर किंवा पोलन फिल्टरही म्हणतात.

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीतल्या एका काकांची ग्रँड आय-टेन हे याचं नेमकं उदाहरण आहे. सात-आठ वर्षांची गाडी, रोज कासारवडवली ते ठाणे स्टेशन. या रस्त्यावर अवजड ट्रकची ये-जा आहे, मेट्रोच्या कामाची धूळही वर्षानुवर्षं उडत आली आहे. त्यात गाडी उभी असते गुलमोहराखाली. काकांची तक्रार अशी होती की वारा लागत नाही आणि सकाळी एसी चालू केला की पहिली दोन मिनिटं ओल्या पायपुसण्यासारखा वास येतो. एका गॅरेजने गॅस भरायला सांगितलं होतं. काकांनी मला विचारलं, तेव्हा मी एवढंच म्हटलं, ‘काका, गॅस राहू दे, आधी फिल्टर काढून बघू.’ हे काम आम्ही ज्या क्रमाने केलं, तोच क्रम इथे देतोय. क्रमाला महत्त्व आहे, कारण वासाच्या बाबतीत नवा फिल्टर सगळ्यात शेवटी बसवायचा असतो.

हवा आत कशी येते

विंडशील्डच्या खाली, वायपरच्या बुंध्याशी एक काळी प्लास्टिकची जाळी असते. बाहेरची हवा तिथून आत शिरते. आतली हवा फिरवण्याचं बटण दाबलं की तो मार्ग बंद होतो आणि केबिनमधलीच हवा ओढली जाते. बहुतेक गाड्यांत दोन्ही वाटांनी आलेली हवा आधी फिल्टरमधून जाते, मग ब्लोअरच्या पंख्यातून, मग कूलिंग कॉइलवरून, आणि शेवटी डॅशबोर्डच्या जाळ्यांतून बाहेर येते. काही गाड्यांत फिल्टर पंख्याच्या पुढे, कॉइलच्या तोंडाशी असतो.

यातून दोन गोष्टी कळतात. फिल्टर धुळीने भरला की ब्लोअर कितीही जोरात फिरला तरी त्याला हवाच मिळत नाही. आवाज पूर्वीसारखा किंवा जास्तच येतो, वारा मात्र नाही. दुसरी गोष्ट वासाची. एसी चालू असताना कॉइलवर पाणी जमतं. ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत तर भरपूरच. हे पाणी एका रबरी नळीवाटे गाडीखाली ठिबकायला हवं. जे कॉइलवर राहतं त्यात बारीक धूळ मिसळते आणि तिथे बुरशी धरते. म्हणजे कुबट वासाचं मूळ बहुतेक वेळा कॉइलवर असतं. दमट, कचऱ्याने भरलेला फिल्टर त्यात भर घालतो. म्हणूनच नुसता फिल्टर बदलला तर हवा त्याच दिवशी सुधारते, वास मात्र थोडे दिवस कमी होऊन पुन्हा येऊ शकतो.

विकत घेण्याआधी पाच मिनिटांची तपासणी

इंजिन चालू करा, एसी बंद ठेवा, आणि ब्लोअर एकेका पायरीने वाढवत न्या. मधल्या जाळीसमोर टिश्यू पेपरची पट्टी धरा आणि प्रत्येक पायरीला ती किती उडते ते बघा. फिल्टर बदलल्यावर हीच तुलना करायची आहे, त्यामुळे मोबाइलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवला तर बरं.

सगळ्या जाळ्यांतून हवा सारखीच कमी असेल तर संशय फिल्टरवर. एकाच जाळीतून कमी येत असेल तर त्या जाळीची पट्टी किंवा आतला झडपेचा मार्ग बघावा लागतो, फिल्टरचा संबंध नाही. पहिल्या तीन पायऱ्यांना ब्लोअर चालतच नसेल आणि चौथ्याला एकदम पूर्ण वेगाने सुरू होत असेल, तर ब्लोअरचा रेझिस्टर गेलेला असतो. तेही फिल्टरने सुटणार नाही.

एक प्रकार फसवा आहे, त्याकडे नीट लक्ष द्या. सुरुवातीला वारा छान येतो, ठाण्याहून वाशीला पोचेपर्यंत तो क्षीण होतो, आणि एसीचं बटण दहा मिनिटं बंद करून नुसता ब्लोअर चालवला की पुन्हा पूर्ववत होतो. याचा अर्थ कॉइलवर बर्फ धरतोय. तुंबलेल्या फिल्टरमुळेही असं होतं, कारण हवा कमी मिळाली की कॉइल प्रमाणाबाहेर गार पडते. पण तापमानाचा सेन्सर बिघडल्यामुळे किंवा गॅस कमी झाल्यामुळेही बर्फ धरू शकतो. फिल्टर बदलूनही हे चालूच राहिलं, तर मात्र एसीच्या मेकॅनिककडे जायचं, आणि जाताना ‘अर्ध्या तासाने हवा कमी होते, बंद केलं की परत येते’ हे याच शब्दांत सांगायचं. त्याचा शोधण्याचा वेळ वाचतो आणि तुमचा खर्चही.

काकांच्या गाडीत सगळ्या जाळ्यांतून, सगळ्या पायऱ्यांना, पहिल्या मिनिटापासून हवा कमी होती. म्हणजे फिल्टर.

कोणता फिल्टर घ्यायचा

गाडीचं मॉडेल, वर्ष, आणि शक्यतो चासिस नंबर सांगून मागा. एकाच नावाच्या गाडीच्या दोन पिढ्यांचे फिल्टर वेगवेगळ्या मापाचे असतात. शंका असेल तर आधी जुना फिल्टर काढा, त्याची लांबी-रुंदी-जाडी मोजा आणि तोच हातात घेऊन दुकानात जा. बऱ्याच जुन्या छोट्या गाड्यांत आणि काहींच्या खालच्या व्हेरियंटमध्ये कंपनीने फिल्टर दिलेलाच नसतो. तेव्हा घेण्याआधी मॅन्युअल बघणं किंवा ग्लव्हबॉक्समागे डोकावणं चांगलं.

प्रकार मुख्यतः दोन. पांढरा साधा फिल्टर धूळ, परागकण, कचरा अडवतो. करड्या-काळ्या रंगाचा कार्बन फिल्टर त्याशिवाय काही वास आणि वायू शोषून घेतो. तळोजा किंवा तुर्भे एमआयडीसीच्या भागातून रोज जाणाऱ्यांना कार्बनचा फरक जाणवतो, म्हणून त्यांनी थोडे जास्त पैसे घालवावेत असं माझं मत आहे. बाकीच्यांना चांगल्या बनावटीचा साधा फिल्टर वेळेवर बदलणं पुरेसं आहे. मात्र कॉइलवर बुरशी असताना वास दाबायला कार्बन फिल्टर घेऊ नका. ज्या गाड्यांत कॉइल फिल्टरच्या पुढे आहे, आणि बहुतेकांत तशीच आहे, तिथे कॉइलवरून निघालेला वास फिल्टरमधून न जाता सरळ तुमच्या नाकाशी येतो.

विकत घेताना घड्या एकसारख्या आणि सरळ आहेत ना, कडेची पट्टी सुटलेली नाही ना, हे पाकीट उघडून बघा. कडा लुसलुशीत आणि कागद पातळ असलेले स्वस्त फिल्टर खाचेत ढकलतानाच दुमडतात आणि हवा बाजूने निसटते.

जुना फिल्टर काढणे

हत्यारं फारशी लागत नाहीत. मोबाइलची टॉर्च, एक फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, मऊ ब्रश, असला तर चिंचोळ्या तोंडाचा व्हॅक्यूम क्लीनर, जुनी चादर, मास्क आणि हातमोजे. मास्क टाळू नका. त्या फिल्टरमध्ये वर्षभराची धूळ आहे आणि तुम्ही तो तोंडासमोर काढणार आहात.

गाडी सपाट जागी लावा, इग्निशन बंद करा, किल्ली काढून घ्या. फिल्टर काढलेला असताना कोणी चुकून ब्लोअर लावला तर पडलेला कचरा थेट पंख्यात ओढला जातो. पुढच्या डाव्या सीटला पूर्ण मागे सरकवा आणि पायाशी चादर पसरा.

ग्लव्हबॉक्स रिकामा करा. उघडल्यावर त्याच्या आतल्या दोन्ही भिंतींना बोटाच्या पेराएवढे गोल स्टॉपर दिसतील. ग्रँड आय-टेनसारख्या गाडीत हे स्टॉपर फिरवून आपल्याकडे ओढले की सुटतात आणि बॉक्स खाली लोंबतो. अनेक गाड्यांत वेगळे स्टॉपर नसतात. तिथे बॉक्सच्या दोन्ही भिंती हाताने आत दाबायच्या, म्हणजे कडा डॅशबोर्डच्या अडणीतून सुटतात. बॉक्स खाली सोडण्याआधी एका बाजूला दोरी किंवा छोटा दांडा जोडलेला आहे का ते बघा. बॉक्स हळू उघडावा म्हणून तो डँपर असतो. आधी तो बाजूला सरकवून खुंटीवरून काढा. तो तसाच राहिला आणि बॉक्स खाली सुटला तर ती प्लास्टिकची खुंटी तुटते, आणि मग बॉक्स दर वेळी धाडकन उघडतो.

काही गाड्यांत फिल्टर ग्लव्हबॉक्सखाली पायाच्या बाजूला असतो, काहींत बॉनेटखाली काचेजवळ. जिथे असेल तिथे, पुढचं काम तेच.

बॉक्स खाली गेला की समोर एक आडवं, अरुंद काळं झाकण दिसतं. त्याच्या टोकांना क्लिप असतात. त्या दाबून झाकण सरळ आपल्याकडे ओढा. मग फिल्टरची कड दिसेल. इथे थांबा आणि टॉर्च मारून फोटो काढा. फिल्टरच्या कडेवर बाण असेल तर तो कोणत्या दिशेला आहे, आणि फिल्टर आडवा आहे की उभा, हे फोटोत यायला हवं.

आता फिल्टर बाहेर काढताना घाई करू नका. तो आडवा असेल तर दोन्ही हातांनी पातळीत धरून, अजिबात न कलता, इंच-इंच बाहेर घ्या. वरच्या बाजूला साचलेला कचरा खाली पडला तर तो सरळ ब्लोअरच्या पाळण्यात जातो. काकांच्या फिल्टरवर गुलमोहराच्या बारीक पानांचा थर होता, नखाएवढ्या त्या पानांनी अर्ध्याहून जास्त घड्या झाकल्या होत्या. त्याखाली करडी-काळी धूळ, डासांचे पंख, आणि एका कोपऱ्यात ओल धरून झालेला हिरवट डाग. उलट बाजू मात्र बऱ्यापैकी पांढरी होती. हवा कोणत्या बाजूने येते याचा तोच पुरावा: जी बाजू मळलेली, तिकडून हवा येते. आधीच्या मेकॅनिकने फिल्टर उलटा बसवला असला तरी मळ खोटं सांगत नाही.

फिल्टर बाहेर आल्या आल्या पिशवीत घाला आणि तोंड बांधा.

काकांच्या सर्व्हिसिंगच्या बिलात ‘एसी फिल्टर क्लीनिंग’ अशी नोंद होती. क्लीनिंग म्हणजे कॉम्प्रेसरची हवा मारणं. त्याने वरची पानं उडतात, पण तंतूंत रुतलेली बारीक धूळ बरीचशी तशीच राहते आणि जोराच्या झोताने कागदाला बारीक भोकं पडू शकतात. पाण्याने धुणं त्याहून वाईट. हे फिल्टर धुण्यासाठी बनवलेले नसतात. धुतल्यावर धूळ धरून ठेवण्याची त्यांची ताकद जाते, घड्या वाकतात, आणि आपल्याकडच्या पावसाळी हवेत ते पूर्ण सुकतही नाहीत. दुकान बंद असेल आणि दोन दिवस काढायचे असतील तर फिल्टर उलटा करून हलका आपटा, बस.

नवा बसवण्याआधी एक चाचणी आणि साफसफाई

फिल्टरच्या खाचेत टॉर्च मारा. पडलेली पानं व्हॅक्यूमने ओढून घ्या. व्हॅक्यूम नसेल तर ब्रश आणि चिमट्याने उचला. खालच्या बाजूला ब्लोअरच्या पाती दिसत असतील तर त्यांत काही अडकलंय का बघा आणि बोटाने पंखा एक फेरा फिरवून बघा. भिंती ओल्या, घट्ट पिळलेल्या कापडाने पुसा. आत पाणी ओतायचं नाही, खाली मोटर आणि वायरिंग आहे.

जागा स्वच्छ झाल्यावर, फिल्टर न बसवता, झाकण लावून ब्लोअर अर्धा मिनिट चालवा आणि टिश्यूची पट्टी पुन्हा धरा. हवा एकदम जोरात आली तर निदान पक्कं झालं. फिल्टर नसतानाही हवा तशीच मंद असेल, तर अडथळा पुढे आहे: कॉइलवर धुळीचा नमदा बसलाय किंवा ब्लोअर कमजोर झालाय. अशा वेळी नवा फिल्टर घालून हवा वाढणार नाही. काकांच्या गाडीत पट्टी हातातून सुटेल एवढी फडफडली.

चाचणीत ब्लोअरमधून टकटक किंवा फडफड असा आवाज आला तर पान पंख्यात गेलंय. बऱ्याच गाड्यांत ब्लोअरची मोटर ग्लव्हबॉक्सखाली तीन-चार स्क्रूंवर असते, वायरचा कनेक्टर काढून ती खाली घेता येते. हात बसलेला असेल तरच हे करा, नाहीतर एवढ्या कामासाठी गॅरेज गाठा.

उंदरांबद्दल वेगळं सांगायला हवं. सोसायट्यांच्या बेसमेंट पार्किंगमध्ये उंदीर याच जागेत घरटं करतात, फिल्टर कुरतडलेला आणि काळ्या लेंड्या पडलेल्या दिसतात. तिथे कोरडा ब्रश किंवा व्हॅक्यूम चालवू नका, कण हवेत उडतात. हातमोजे आणि मास्क घाला. एक भाग घरगुती ब्लीच दहा भाग पाण्यात मिसळून त्यात कापड भिजवा, घाणीवर पाच मिनिटं ठेवा आणि मग पुसून घ्या. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, त्यामुळे हाताला जखम असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

वास असेल तर: नळी आणि कॉइल

ज्यांची तक्रार फक्त कमी हवेची आहे त्यांनी सरळ पुढच्या भागाकडे जावं. वास असेल तर मात्र नवा फिल्टर अजून पाकिटातच राहू द्या.

आधी पाण्याची नळी. कॉइलचं पाणी बाहेर नेणारी ही आखूड रबरी नळी सहसा इंजिनच्या मागच्या भिंतीतून, पुढच्या प्रवाशाच्या पायाच्या बाजूला गाडीखाली उतरते. दमट दिवशी एसी पंधरा मिनिटं चालवून खाली बघा. आपल्याकडे जून ते ऑक्टोबर तर पाण्याची धार नाही तरी सतत ठिपका असायलाच हवा. जमीन कोरडी असेल आणि वर डाव्या बाजूची मॅट किंवा कार्पेट ओलं लागत असेल, तर नळी तुंबली आहे. खालून दिसत असेल तर तिच्या तोंडाशी प्लास्टिकचा लांब केबल टाय घालून हलक्या हाताने माती सैल करा. लोखंडी तार घालू नका. ती थेट कॉइलपर्यंत गेली आणि कॉइलला भोक पडलं तर खर्च हजारोंत जातो. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शरीर घालायचं नाही. नळी हाताशी येत नसेल तर ज्या गॅरेजमध्ये लिफ्ट आहे तिथे हे काम पाच मिनिटांचं आहे.

मग कॉइल. यासाठी गाडीच्या एसीचा म्हणून विकला जाणारा फोम क्लीनर घ्या, लांब नळी जोडलेला. माझ्या मते तो पाण्याच्या नळीतून वर सोडणं सगळ्यात चांगलं, कारण फोम खालून फुगत कॉइलवर पसरतो आणि ब्लोअरची मोटर कोरडी राहते. इंजिन आणि ब्लोअर बंद ठेवा, खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास पेटती सिगारेट वगैरे नको, कारण या डब्यांतला वायू बहुधा ज्वालाग्राही असतो. डब्यावर लिहिलेला वेळ थांबा, तो साधारण पंधरा-वीस मिनिटांचा असतो. फोम पाणी होऊन त्याच नळीतून खाली येतो. काकांच्या गाडीतून चहाच्या रंगाचं पाणी आलं आणि तिथेच वासाचा उगम सापडला. त्यानंतर एसी बंद ठेवून, बाहेरची हवा घेत, ब्लोअर पूर्ण वेगाने दहा मिनिटं चालवा. मगच खिडक्या लावा.

फिनाईल, डेटॉल किंवा घरच्या एसीसाठीचं जहाल कॉइल क्लीनर इथे वापरू नका. कॉइलच्या पात्या पातळ ॲल्युमिनियमच्या असतात, आणि जे वापराल ते तुमच्या श्वासात येणार आहे. गॅरेजवाला ‘एसी डिसइन्फेक्शन’ करतो म्हणाला तर विचारा की फोम कॉइलपर्यंत जातो की जाळीतून सुगंधी फवारा मारतात. दुसऱ्या प्रकाराने वास आठवडाभर झाकला जातो, एवढंच.

फोमलाही मर्यादा आहे. वर्षानुवर्षं फिल्टरशिवाय चाललेल्या गाडीत कॉइलच्या तोंडावर धुळीची जाड गादी बसते. ती फोमने निघत नाही, कॉइल बाहेर काढावी लागते, आणि त्यासाठी अनेक गाड्यांत गॅस काढणं आणि डॅशबोर्ड खोलणं येतं. असं काम घरी करायचं नाही.

नवा फिल्टर बसवणे

कडेवर ‘एअर फ्लो’ असं लिहून बाण असेल तर तो हवा जाण्याची दिशा दाखवतो. नुसतं ‘अप’ लिहून बाण असेल तर ती बाजू वर ठेवायची, त्याचा हवेच्या दिशेशी संबंध नाही. या दोन खुणांची गल्लत झाली की फिल्टर उलटा बसतो. आधी काढलेला फोटो आणि जुन्या फिल्टरची मळकी बाजू यांच्याशी ताडून बघा. तरी शंका असेल तर खाचेत टॉर्च मारा: पंख्याच्या पाती दिसत असतील तर ‘एअर फ्लो’चा बाण पंख्याकडे असायला हवा, कारण पंखा हवा स्वतःकडे ओढतो. पाती न दिसता कॉइलच्या बारीक पात्या दिसत असतील तर बाण कॉइलकडे.

फिल्टर मापाचा असेल तर थोडासा दाब देऊन पूर्ण आत सरकतो. मध्येच अडला तर ढकलू नका, बाहेर काढून सरळ करून पुन्हा घाला. काही गाड्यांत फिल्टर दोन तुकड्यांत असतो, तिथे पहिला तुकडा आत बाजूला सरकवून मग दुसरा. बसल्यावर चारही कडांना बोट फिरवा. कुठे फट राहिली तर धूळ तिथूनच जाईल आणि थेट कॉइलवर बसेल. झाकणाच्या क्लिपा ‘टक’ असा आवाज करून बसायला हव्यात. अर्धवट बसलेलं झाकण ब्लोअर वाढवला की शिट्टीसारखा आवाज करतं.

झाकण लावण्याआधी फिल्टरच्या कडेवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी गॅरेजने खरंच बदलला का, हे त्यावरून लगेच कळतं.

डँपर जोडा, ग्लव्हबॉक्स वर घ्या, स्टॉपर लावा. ब्लोअर एकपासून चारपर्यंत नेत पट्टीची चाचणी पुन्हा करा. नव्या फिल्टरसह हवा फिल्टरशिवायच्या हवेपेक्षा किंचित कमी असणं बरोबर आहे. काकांच्या गाडीत दुसऱ्या पायरीलाच आधीच्या चौथ्या पायरीपेक्षा जास्त वारा येऊ लागला.

शेवटी बॉनेट उघडून वायपरखालच्या जाळीवरची पानं काढून टाका. ती तिथेच राहिली तर पहिल्या जोरदार पावसात कुजतात आणि त्यांचा ओला वास नव्या फिल्टरमध्ये उतरतो. पिंपळ, गुलमोहर, रेन ट्रीखाली गाडी लावणाऱ्यांनी हे दर आठवड्याला करावं.

किती दिवसांनी

बऱ्याच कंपन्या साधारण 10,000 ते 15,000 किलोमीटर किंवा एक वर्ष सांगतात, आणि धुळीच्या रस्त्यांसाठी त्याआधी. घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर रोज जाणाऱ्यांनी 5,000 किलोमीटरला एकदा फिल्टर बाहेर काढून बघावा. वर्षातून एकदाच बदलायचा असेल तर मी ऑक्टोबर निवडीन. पावसाळ्यात फिल्टर ओल धरतो, आणि तोच दमट फिल्टर पुढचे आठ महिने ठेवण्यात अर्थ नाही. मे महिन्यात नुसती तपासणी करा, फारच भरला असेल तर तेव्हाही बदला.

वास परत येऊ नये म्हणून उतरण्याच्या चार-पाच मिनिटं आधी एसीचं बटण बंद करा आणि बाहेरची हवा घेत ब्लोअर चालू ठेवा. कॉइल गरम होते, नवं पाणी जमायचं थांबतं आणि आहे ते बरंचसं निथळतं. जुलैत बाहेरची हवाच दमट असल्याने ती पूर्ण सुकणार नाही, पण ओल कमी राहते. तुर्भ्याच्या किंवा तळोज्याच्या पट्ट्यात बाहेरचा वास असेल तेवढा वेळ आतली हवा फिरवा, तो पट्टा संपला की बटण परत बाहेरच्या हवेवर आणा.

आणि वास कुबट नसून गोडसर, पाकासारखा असेल, सोबत काचेवर आतून चिकट धूसर थर येत असेल, तर हीटरच्या कॉइलमधून कूलंट गळतोय. पेट्रोलचा किंवा धुराचा वास येत असेल तर खिडक्या उघडा आणि गाडी त्याच दिवशी मेकॅनिकला दाखवा. या दोन्ही वासांसाठी फिल्टर काढून बघण्यात वेळ घालवू नका.